वॉचमननं घेतलेलं पत्र आणि घरफाळ्यातली सवलत

"वकीलसाहेब, आमच्या अपार्टमेंटमध्ये 24 फ्लॅट आहेत. पार्किंगच्या मागं ओल्या कचऱ्याचे दोन खड्डे आहेत, त्यामुळं तीन वर्षं घरफाळ्यात सवलत मिळत होती. यंदाच्या बिलात ती नाही. फेब्रुवारीत पालिकेची माणसं पाहणीला आली तेव्हा वॉचमन गावी होता, म्हणून थोडे दिवस खड्डे बंद होते. नंतर एक पत्र आलं, ते वॉचमननं सही करून घेतलं आणि मीटिंगमध्ये ठेवायचं राहून गेलं. बिल एप्रिलमध्ये आलं, आता जून संपत आला. बिल आम्ही अजून भरलेलं नाही. खड्ड्यात रोज किती ओला कचरा टाकला, त्याचं रजिस्टर मात्र एक दिवस न चुकता भरलेलं आहे. कोर्टात जाता येईल का? कागद जोडले आहेत."
— एक सेक्रेटरी, राजारामपुरी, कोल्हापूर

सेक्रेटरीसाहेब, अशी पत्रं दर वर्षी बिलं वाटली की येतात, आणि सगळ्यांना विचारायचं असतं ते कोर्टाचंच. तुमच्या प्रकरणाचा निकाल कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलेलाच नाही. तो वॉचमनच्या टेबलाच्या खणात लागला.

तुम्ही जोडलेल्या हमीपत्राचं सहावं कलम परत वाचा. पाहणीत प्रकल्प बंद आढळला तर पालिका त्रुटीपत्र देईल, ते मिळाल्यापासून 15 दिवसांत त्रुटी दूर करून लेखी कळवायचं, नाही कळवलं तर सवलत बंद. त्याच्या खाली तुमची सही आणि सोसायटीचा शिक्का आहे. पत्रावर वॉचमनची सही 21 फेब्रुवारीची, म्हणजे मुदत 8 मार्चला संपली. त्या 15 दिवसांत कुणी एक कागद नेऊन दिला असता की "वॉचमन रजेवर होता, तो आला आहे, खड्डे चालू आहेत, पुन्हा पाहणी करावी", तर मला हे उत्तर लिहावं लागलं नसतं. वॉचमननं घेतलेलं पत्र सोसायटीला मिळालंच नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण रोजची सगळी टपालं तोच घेत असेल तर तो टिकणं कठीण, आणि तुम्ही तर पत्र आल्याचं स्वतःच लिहून देता आहात.

दुसरी मुदतही गेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली कराविरुद्ध अपील वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडं करता येतं, पण 15 दिवसांच्या आत, आणि वादातली रक्कम आधी पालिकेकडं भरून. सवलत काढून घेणं हा "कराविरुद्ध" वाद होतो की नाही, यावरच समोरचा वकील पहिल्या दोन तारखा खाईल. उशीर माफ करून घेण्याचा अर्ज वेगळा, त्याच्या तारखा वेगळ्या. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, म्हणून हल्ली प्रत्येकाला रिट करायची घाई असते. तुमच्या रकमेसाठी तिथं जाणं म्हणजे डास मारायला तोफ आणण्यासारखं आहे.

रक्कम किती, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून मी तुमच्याच बिलांवरून काढली. तुमच्या एका फ्लॅटचं वर्षाचं बिल 7,400 रुपये आणि गेल्या वर्षी त्यात सवलत होती 180 रुपयांची. एवढी कमी का, तर अशी सवलत सहसा एकूण बिलावर नसते, त्यातल्या सर्वसाधारण करावर असते. पुण्यातही ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाची 5 टक्के सवलत सर्वसाधारण करावरच मिळते. शिक्षण कर राज्य सरकारचा, पालिका तो फक्त गोळा करते, त्यात तिला सूट देता येत नाही. 24 फ्लॅट मिळून तुमचा वाद 4,320 रुपयांचा आहे. आणि सवलतीच्या हट्टापायी बिल थकवलं तर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. 7,400 वर महिन्याला 148 रुपये. शास्ती सुरू झाल्यावर सव्वा महिन्यात वर्षाची सवलत त्यातच जाते. बिल आधी भरा. "हक्क राखून भरणा" असं पत्र सोबत जोडा, आणि मग भांडा.

आता रजिस्टर. तुम्हाला ते तुमचं ब्रह्मास्त्र वाटतं, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. तुम्ही पाठवलेल्या चारही पानांवर रोज "40 किलो" आहे. रविवारी 40, दिवाळीत 40, सगळी बिल्डिंग लग्नाला गेली होती असं तुम्हीच ज्या दिवसाबद्दल लिहिता त्या दिवशीही 40. शाई एक, अक्षर एक. आणि फेब्रुवारीत खड्डे बंद होते असं तुम्हीच म्हणता त्या दिवसांतही 40 किलो लिहिलेले आहेत.

आरोग्य निरीक्षकाला हे पकडायला वजनकाटा लागत नाही. तो दारावरच्या पाट्या मोजतो. तुमच्या 24 पैकी पाच फ्लॅट बंद, उरलेल्या एकोणीसमध्ये सत्तरएक माणसं. घरगुती ओला कचरा माणशी साधारण 200 ते 300 ग्रॅम धरला, तर दिवसाला 14 ते 21 किलो होतो. मग 40 आले कुठून? आणि 40 खरे असतील तर खत कुठं आहे? ओल्या कचऱ्याचं पाणी उडून, कुजून वजनानं साधारण पाचवा ते चौथा हिस्सा खत उरतं. दिवसाला 40 म्हणजे महिन्याला निदान 240 किलो खत. तुमच्या फोटोत जिन्याजवळ बारा कुंड्या दिसतात. तिसरा प्रश्न तो तुम्हाला विचारतच नाही, टिप्परवरच्या माणसाला विचारतो. सकाळी कचरा उठावाला टिप्पर येतं तेव्हा तुमच्या बादलीत भाताचं ओशट पाणी आणि केळीच्या साली असतात की फक्त सुकं, हे त्याला रोज दिसतं. घरात खत करणाऱ्या सोसायटीचा ओला कचरा टिप्परमध्ये पडत असेल, तर रजिस्टर कितीही भरलेलं असो, काही उपयोग नाही.

म्हणून हे रजिस्टर कुठल्याही अर्जाला जोडू नका. कोर्टात तर नाहीच, तिथं त्याला खोटा पुरावा म्हणतात. हमीपत्राचं आठवं कलम तुम्ही वाचलेलं दिसत नाही: माहिती खोटी आढळली तर आधी दिलेली सवलतही वसूल करता येईल. आज तुमचं नुकसान एका वर्षाचं आहे. 40-40 चं रजिस्टर टेबलावर ठेवलंत तर मागच्या तीन वर्षांचे 12,960 रुपये तुम्हीच उकरून काढाल.

तुमच्या बाजूनं बोलण्यासारखं एकच सापडलं. पाहणी अहवालात लिहिलंय, "खड्डा क्र. 2 उघडून पाहिला, ढीग थंड, प्रकल्प बंद." खत करणाऱ्याला हे वाक्य अपुरं वाटेल. दोन खड्ड्यांच्या पद्धतीत एक भरत असतो आणि दुसरा झाकून मुरत ठेवलेला असतो. भरत्या ढिगात चांगलं काम चाललं असेल तर आत 50 ते 60 अंश उष्णता येते, हात घातला तर चटका बसतो. मुरलेलं खत थंडच असतं, आणि साधारण एक घनमीटरपेक्षा लहान ढिगात उष्णता फार टिकतही नाही. निव्वळ थंड ढीग बघून बंद ठरवता येत नाही. खड्डा क्र. 1 उघडला का, उघडला असेल तर त्यात काय होतं, हे अहवालात नाही. अर्थात क्र. 1 उघडला असता तर पंधरा दिवसांचं वाळलेलं कवच आणि वर माश्या दिसल्या असत्या, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आता मलाही. म्हणून हा मुद्दा अर्जात एका वाक्यात लिहा, त्यावर पूल बांधू नका.

पुढचं सांगतो. पहिल्यांदा माहितीच्या अधिकारात अर्ज द्या: सवलतीच्या मूळ ठरावाची प्रत आणि पाहणीचे फोटो. अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ठराव मागायचा एवढ्यासाठी की ओल्या कचऱ्याची सवलत ठरावावर चालते आणि तिचं आयुष्य ठरावाइतकंच. नोव्हेंबर 2020 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कोल्हापुरात नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकांकडं होता. तुमची तिन्ही वर्षं त्यातच येतात, तेव्हा तो ठराव प्रशासकांच्या ठरावांत शोधायला सांगा. सवलत पूर्ण वर्षासाठीच आहे की दुसऱ्या सहामाहीपासून, म्हणजे 1 ऑक्टोबरपासून, परत सुरू करता येते, हे त्यातल्या शब्दांवर ठरेल. शब्द गप्प असतील तर ऑक्टोबर मागून बघायला हरकत नाही. एप्रिल ते सप्टेंबर मात्र गेले असं धरून चला.

दुसरं, पुन्हा पाहणीचा अर्ज, विभागीय कार्यालयात आणि आरोग्य विभागात, पण आज नको. आधी महिनाभर खड्डे खरोखर चालवा आणि नवीन रजिस्टर घाला. त्यात एखाद्या दिवशी 11 किलो लागू देत, एखाद्या दिवशी 19, आणि वॉचमन नसला तर "आज कचरा टिप्परला दिला" असं सरळ लिहा. प्रामाणिक खाडा असलेलं रजिस्टर निरीक्षक मान्य करतो, हे मी पाहिलंय. भुसा किंवा नारळाचा काथ्या विकत आणत असाल तर त्याच्या पावत्या लावा. त्या पावत्या खोट्या करायचा कुणाला सहसा कंटाळा येतो, म्हणून त्यांना वजन असतं. पाहणीला येतील तेव्हा दोन्ही खड्डे उघडायला लावा आणि अहवालात दोन्हींची नोंद झाल्याशिवाय सही करू नका.

मोठ्या सोसायट्यांतले वाचक हे वाचून खड्डे बुजवायला निघाले असतील तर थांबा. 2016 च्या घनकचरा नियमांपासून ज्यांचा कचरा रोज सरासरी 100 किलोच्या वर जातो त्यांच्यावर त्यातला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी आहे. तुमच्याकडं सवलत गेली म्हणून ती जबाबदारी जात नाही. सेक्रेटरीसाहेबांच्या 24 फ्लॅटना ती लागू नाही.

वॉचमन पुन्हा गावी जाईल तेव्हा खड्डा कोण हलवणार, त्याचं नाव मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. अर्जाची पोहोच शिक्का आणि आवक क्रमांकासकट घ्या, आणि ती कुठंही ठेवा, फक्त त्या खणात नको.