ऑफर तुमची, राजीनामा त्याचा?

*सर, मला दुसऱ्या शहरातून ऑफर आलीय, पगार ४० टक्के जास्त. नवरा म्हणतो, "तू घे, मी बघतो माझं." त्याची नोकरी चांगली चाललीय, तिकडे त्याला अजून काही नाहीये. पंधरा दिवसांत कळवायचंय. कोणाचं करिअर आधी ठेवायचं?*

"मी बघतो माझं" म्हणाला ना, तिथेच जरा थांबा, सगळा घोळ त्या वाक्यात आहे. ४० टक्के तुमचे एकटीचे आहेत, घराचे नाहीत.

सोपं जावं म्हणून तुमचा आत्ताचा पगार १०० धरू आणि त्याचा ८०, म्हणजे घरात १८० येतात. तिकडे तुम्हाला १४०, त्याला काम नाही आणि घरखर्च समजा १० ने वाढला, म्हणजे उरले १३०, दर महिन्याला ५० कमी. त्याला सहा महिन्यांनी ७० ची नोकरी लागली तर तोवर ३०० चा खड्डा पडलेला असतो, आणि नंतर तुम्ही आधीपेक्षा महिन्याला फक्त २० ने पुढे, म्हणजे तो भरायलाच पंधरा महिने. एकूण पावणेदोन वर्षं झाली. नोकरी लागायला वर्ष लागलं तर हेच साडेतीन वर्षांवर जातं.

त्यामुळे कोणाचं करिअर मोठं यापेक्षा त्याला तिकडे काम मिळायला किती वेळ लागेल हे आधी शोधा. त्याचं काम कुठल्याही शहरात मिळणारं आहे की मोजक्याच चार ठिकाणी? अंदाज नको, या पंधरा दिवसांत त्याने खरंच अर्ज टाकायचे, तिकडच्या दोन-तीन लोकांशी बोलायचं, आणि स्वतःच्या ऑफिसात बदली, घरून काम किंवा बिनपगारी रजा मिळते का ते विचारायचं. बरेच जण हे विचारतच नाहीत, थेट राजीनामा देऊन मोकळे होतात.

अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये यासाठी दोन शब्द वापरले होते, टाइड मूव्हर आणि टाइड स्टेअर. जोडीदारासाठी गेलेला आणि जोडीदारासाठी थांबलेला. तुम्ही ऑफर सोडलीत तर दुसरा शब्द तुम्हाला लागू होतो, तो त्याग पण हिशोबात धरा, नाहीतर पाच वर्षांनी भांडणात निघतो (मी बघितलंय).

मला विचाराल तर ऑफर घ्या, पण तुमचा प्रोबेशन संपेपर्यंत त्याने राजीनामा देऊ नये. दोन घरं आणि येणंजाणं धरून जास्तीचा खर्च ३५ झाला तरी १४० अधिक ८० मधून १८५ उरतात, आत्तापेक्षा कमी नाहीत, आणि नोकरी हातात ठेवून शोधणाऱ्याला पगाराची घासाघीस पण नीट करता येते. एकमेकांपासून लांब राहायचा त्रास आहेच, तो आकड्यात बसत नाही, तो किती महिने झेपेल ते दोघांनी आधी बोलून घ्या. आणि सही करायच्या आधी एचआरला दोन गोष्टी विचारा, जॉइनिंग महिनाभर पुढे ढकलता येईल का आणि जोडीदाराच्या नोकरीसाठी काही मदत करतात का. सही झाल्यावर हे विचारून फारसा उपयोग होत नाही.