स्वस्त पुस्तक मागवण्याआधी

पणजीत बसून पुस्तकाची ऑर्डर देताना नकली प्रत गळ्यात पडू नये म्हणून आधी किंमत बघा. छापील किंमत 499 आणि साइटवर नवी प्रत 149 ला, तीही घरपोच? दुकानदाराला प्रकाशकाकडून साधारण 30-40 टक्के सूट मिळते, म्हणजे त्यालाच ती तीनशे ते साडेतीनशेला पडते. मग 149 ला कशी परवडणार? जुनी प्रत किंवा पडून राहिलेला साठा असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं लिहिलेलं हवं.

नवखे हमखास चुकतात ते आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकावर. आकडा जुळला की प्रत खरी, असं नाही. नकली प्रतीवर तोच आकडा जसाच्या तसा छापलेला असतो. त्यापेक्षा विक्रेत्याचं नाव बघा. मोठ्या साइटवरही विकणारा वेगळाच असू शकतो. एक-दोन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा, त्यातले आतल्या पानांचे फोटो बघा.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, परत पाठवताना उपयोगी पडतो. मग मधलं एखादं पान उजेडात धरा. नकली प्रत बहुधा स्कॅन करून छापतात, म्हणून अक्षर फिकट किंवा कडेला फुगलेलं, ओळी तिरक्या, फोटो काळेकुट्ट दिसतात. शिवणीजवळचे शब्द गिळलेले असतात आणि पुस्तक पूर्ण उघडलं की पानं सुटतात. मात्र नुसत्या पातळ, पिवळट कागदावरून ठरवू नका. खऱ्या स्वस्त आवृत्त्याही तशाच असतात. शंका राहिलीच तर पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तीच आवृत्ती मिळते का बघा आणि दोन्ही शेजारी ठेवा. परतीची मुदत तेवढी आधी तपासा.