माफीचा साक्षीदार आणि दुजोऱ्याचा प्रश्न: उत्तर आरोपीगणिक लिहा

मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात दोन वर्षे वकिली करतो आणि कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. सराव परीक्षेत प्रश्न असा होता: चौघांनी सराफाला लुटून ठार केले. एकजण माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने तिघांची नावे घेतली. पहिल्याकडून दागिने जप्त झाले, दुसऱ्याला शेजाऱ्याने पळताना पाहिले, तिसऱ्याने कट आखला असे फक्त माफीचा साक्षीदार सांगतो. मी लिहिले की कलम 133 प्रमाणे दुजोऱ्याची गरज नाही, म्हणून तिघेही दोषी. 10 पैकी 3 गुण मिळाले, वर ‘138 पाहा’ असा शेरा. हे उत्तर लिहायचे तरी कसे?

तुमचे गुण कलम चुकल्यामुळे गेले नाहीत, तिघांना एकाच वाक्यात गुंडाळल्यामुळे गेले. आधी कलमांचे सांगते, कारण शेरा त्याबद्दल आहे. मग मुख्य मुद्द्याकडे येऊ.

1872 च्या पुरावा कायद्यातले कलम 133 म्हणत होते की सहअपराधी हा आरोपीविरुद्ध सक्षम साक्षीदार आहे आणि निव्वळ त्याच्या दुजोरा नसलेल्या साक्षीवर शिक्षा दिली एवढ्याच कारणाने ती बेकायदा ठरत नाही. त्याच कायद्याच्या कलम 114 चे उदाहरण (ब) सांगत होते की महत्त्वाच्या तपशिलांबाबत दुजोरा नसेल तर सहअपराधी विश्वासपात्र नाही असे न्यायालय गृहीत धरू शकते. या दोन तरतुदींत विरोध नाही, कारण उदाहरणात ‘गृहीत धरू शकते’ असे आहे, ‘धरलेच पाहिजे’ असे नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1977 च्या निकालात स्वच्छ सांगितले. ते प्रकरण तुमच्याच जिल्ह्यातल्या मानवतचे, आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी. उत्तरात हा निकाल जरूर लिहा, कारण दोन्ही कलमांची सांगड त्यात एका दमात घातलेली आहे.

आता 138. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात जुन्या 133 ची जागा 138 ने घेतली, आणि शब्द बदलले. आता कलम म्हणते की दुजोरा मिळालेल्या साक्षीवर शिक्षा दिली तर ती बेकायदा नाही. जुन्या कलमातला ‘दुजोरा नसला तरी’ हा भाग गेला. उदाहरण (ब) मात्र नव्या कलम 119 मध्ये जसेच्या तसे आहे, त्यातल्या ‘शकते’सकट. त्यामुळे दुजोऱ्याशिवायची शिक्षा आता आपोआप बेकायदा ठरते का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. माझे मत असे की 138 ची भाषा दुजोऱ्याच्या बाजूने झुकते, आणि तुम्ही उत्तरात तसेच लिहावे. पण 119 चा उल्लेख करूनच. प्रश्नात खटल्याची तारीख दिली असेल तर तीही पाहा. 1 जुलै 2024 च्या आधीपासून प्रलंबित असलेल्या खटल्याला जुनाच कायदा लागतो. माफी देण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 306 ते 308 मध्ये होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती 343 ते 345 मध्ये आहे. कलमांचे एवढे पुरे.

खरा मुद्दा असा की दुजोरा कशाला हवा. गुन्हा घडला, याला हवा असे बहुतेक मुले समजतात. गुन्हा घडला हे माफीच्या साक्षीदाराला पक्के ठाऊक असते, तो स्वतः तिथे होता. वेळ, रस्ता, दार कसे उघडले, कोणी ओरडले, हे सगळे तो खरेच सांगेल, आणि पंचनामा त्याच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा देईल. पण आपल्या भावाचे नाव वगळून त्या जागी शत्रूचे नाव घालायला त्याला फक्त एक शब्द बदलावा लागतो. बाकीची हकीकत खरी असल्यामुळे उलटतपासणीत ती जागा सापडत नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1949 च्या भुबोनी साहू प्रकरणात नेमका हा धोका दाखवला. इंग्लंडमध्ये 1916 च्या बास्करव्हिल प्रकरणात नियमच घालून दिला होता: दुजोरा स्वतंत्र हवा, आणि त्याने त्या विशिष्ट आरोपीला गुन्ह्याशी जोडले पाहिजे. गुन्हा घडल्याचा पुरावा कितीही असला तरी तो आरोपीपर्यंत पोचत नसेल तर दुजोरा नाही.

हे एका खटल्यात स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक फौजदारी वकिलाने तो या नजरेने एकदा वाचायला हवा. तो खटला म्हणजे गांधी हत्येचा, दिल्लीच्या लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे 1948 मध्ये चाललेला. त्यात माफीचा साक्षीदार होता पुण्यातला शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे. त्याच्यावर ज्यांच्याबरोबर खटला चालणार होता, त्यांच्याचविरुद्ध तो साक्षीदार झाला. न्यायाधीशांनी बडगेला खोटारडा ठरवले नाही, उलट त्याची साक्ष सरळ आणि मोकळी वाटली असे त्यांचे मत होते. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांच्याविरुद्ध त्याच्या हकिकतीला बाहेरून आधार मिळाला: दिल्लीच्या मरीना हॉटेलात खोट्या नावांनी केलेला मुक्काम, टॅक्सीचालकाची ओळख, 20 जानेवारीच्या स्फोटानंतर मदनलाल पाहवा जागीच पकडला जाणे. बडगे ज्या गोष्टी सांगत होता, त्या त्याच्यावर अवलंबून नसलेली माणसे आणि कागद सांगत होते, आणि या माणसांचा त्यातला सहभाग दाखवत होते.

विनायक दामोदर सावरकर यांच्याविरुद्धही हाच साक्षीदार बोलला. त्याने सांगितले की 17 जानेवारी 1948 रोजी आपण गोडसे आणि आपटे यांच्याबरोबर मुंबईत शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनात गेलो. ते दोघे वर गेले, आपण खाली थांबलो. पाच-दहा मिनिटांनी ते खाली आले, मागोमाग सावरकर आले आणि ‘यशस्वी होऊन या’ असे म्हणाले. याला दुजोरा काय? टॅक्सीचालकाने सांगितले की मी त्यांना शिवाजी पार्कला नेले. त्याआधीच्या 14 जानेवारीच्या भेटीबाबत एका अभिनेत्रीने सांगितले की मी गोडसे आणि आपटे यांना आपल्या मोटारीतून त्या घराजवळ सोडले. दोन्ही साक्षीदार स्वतंत्र, दोघांचेही सांगणे खरे धरता येण्यासारखे. पण त्यांचे शब्द घराच्या दारापर्यंत येऊन थांबतात. आत भेट कोणाची झाली, बोलणे काय झाले, ते शब्द उच्चारले गेले का, यातले काहीही त्यांना ठाऊक नव्हते. घरात इतरही माणसे राहत होती, हा बचावाचा मुद्दा होता. त्यामुळे माफीच्या साक्षीदाराच्या एकट्याच्या हकिकतीवर सावरकरांविरुद्ध निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही असे ठरले, आणि 10 फेब्रुवारी 1949 च्या निकालात ते निर्दोष सुटले. तुम्हाला त्या निकालाबद्दल काय वाटते हा वेगळा विषय. परीक्षेसाठी त्यातून घ्यायचे ते हे, की एकाच निकालपत्रात एकच साक्षीदार एका आरोपीविरुद्ध पुरेसा आणि दुसऱ्याविरुद्ध अपुरा ठरतो, आणि त्यात विसंगती नसते.

यात एक पायरी राहते, ती मुले हमखास विसरतात. दुजोरा शोधण्याआधी माफीचा साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे का हे पाहावे लागते. 1957 च्या सर्वण सिंग प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ही दुहेरी कसोटी मांडली: पहिल्या कसोटीत साक्ष ढासळली तर दुजोऱ्याचा प्रश्नच उरत नाही. मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत महत्त्वाच्या जागी फरक पडला, स्वतःचा वाटा त्याने पुसून टाकला, किंवा घटनास्थळाशी न जुळणारी हकीकत सांगितली, तर तिथेच थांबा. ‘साक्ष कमकुवत आहे पण जप्तीने सावरली’ असे लिहिले की तपासणाऱ्याला कळते की कसोटी समजलेली नाही.

आता तुमचा प्रश्न. पहिला परिच्छेद साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचा, चारच ओळी. मग तीन आरोपींचे तीन वेगळे परिच्छेद. पहिल्याकडून दागिने जप्त झाले, पण तेवढ्यावर थांबू नका. ते सराफाच्या दुकानातलेच आहेत हे कोणी ओळखले, मेमोरँडम पंचनाम्यातले पंच कोर्टात टिकले का, घटना आणि जप्ती यांत किती दिवस गेले, हे लिहा. हे जुळले तर दुजोरा पुरेसा, कारण वस्तू त्या आरोपीला थेट गुन्ह्याशी बांधते. दुसऱ्याबाबत शेजारी स्वतंत्र साक्षीदार आहे, पण त्याने आरोपीला आधी ओळखत होता म्हणून ओळखले की फक्त ओळखपरेडीत, दिवा होता का, हे तपासा. ओळख पक्की असेल तर घटनेच्या वेळी घटनास्थळावरून पळणे हा चांगला दुजोरा आहे.

तिसऱ्याविरुद्ध काहीच नाही. इथे दागिने आणि शेजारी यांचा आधार उधार घेण्याचा मोह होतो: ‘साक्षीदार दोन बाबतीत खरा ठरला, म्हणून तिसऱ्या बाबतीतही खरा’. भुबोनी साहूचा धोका हाच. दोन खऱ्या नावांच्या शेजारी तिसरे नाव ठेवणे सर्वांत सोपे. त्याला संशयाचा फायदा द्या. पहिल्या आरोपीच्या कबुलीजबाबात तिसऱ्याचे नाव आले असेल तरी बिघडत नाही. सहआरोपीचा कबुलीजबाब फार तर विचारात घेता येतो, त्यावर पाया रचता येत नाही. आणि सहअपराध्याने सहअपराध्याला दिलेला दुजोरा सहसा चालत नाही. अपवाद 119 खालीच दिलेला आहे: वेगवेगळे ठेवलेल्या तिघांनी, आधीच्या संगनमताची शक्यता फारच कमी उरते इतकी जुळणारी हकीकत सांगणे.

पुढच्या सरावासाठी याच प्रश्नात एक भर घाला: घटनेच्या रात्री तिसऱ्याच्या मोबाईलवरून माफीच्या साक्षीदाराला चार फोन गेले होते असे कॉल रेकॉर्ड दाखवते. आता दुजोरा आहे का? फोन झाला हे सिद्ध होते, काय बोलणे झाले ते नाही. टॅक्सी सावरकर सदनाजवळ थांबली हेही सिद्ध होतेच. दोघे शेजारी किंवा नातेवाईक असतील तर चार फोनांना दुसरे कारण सहज सापडते. मात्र दोघांमध्ये त्याआधी कधीच बोलणे झाले नव्हते, आणि तिसऱ्याचा मोबाईल त्या रात्री दुकानाजवळच्या टॉवरवर होता असे निघाले, तर चित्र बदलते. दोन्ही बाजू एक-एक परिच्छेदात लिहून पाठवा, मी तपासून देते.