वेळ बदलून मागण्याआधी

‘मुलगी चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. ड्युटी दहा ते सात. सीए फायनलच्या अभ्यासासाठी तिला साडेसात ते साडेचार अशी वेळ हवी आहे. मी म्हणतो, देत नसतील तर राजीनामा तोंडावर फेक. तिच्या साहेबांशी मीच फोनवर बोलू का?’ – एक वडील, पुणे

फोन अजिबात करू नका. तुम्ही बोललात की साहेबांच्या नजरेत ती जबाबदार कर्मचारी राहत नाही, कुणाची तरी लेक होते. आणि राजीनामा कशासाठी? तिने अजून नीट विचारलेलंही दिसत नाही, तोवर तुम्ही निकाल लावून मोकळे झालात. तिला आज सगळ्यात जास्त त्रास या घाईचा होत असेल. फायनल वर्षातून एकदाच होत नाही, हेही लक्षात घ्या.

कारण पटलं की वेळ मिळते, असं बहुतेकांना वाटतं. कारण साहेबांना पटतंच, अडतं दुसरीकडे. साडेचारनंतर पुरवठादाराचा फोन आला तर कोण घेणार? उद्या सगळ्यांनीच मागितलं तर काय सांगायचं? या दोन प्रश्नांची उत्तरं तिच्या अर्जात हवीत. म्हणून तिने कायमचा बदल मागू नये. दोन महिन्यांची चाचणी मागावी, आणि मुदत संपली की परवानगी वाढवून मिळेपर्यंत वेळ आपोआप पूर्ववत होईल, असं स्वतःच लिहावं. त्यामुळे ‘हो’ म्हणणं साहेबांना सोपं जातं.

चाचणी पूर्ण दोन महिन्यांचीच हवी. टीडीएस भरायची ७ तारीख, जीएसटीची ११ आणि २० या तारखा दोनदा येऊन गेल्या पाहिजेत. नाहीतर ‘निवांत दिवसांत जमवलं’ हे ऐकावं लागेल. या तारखांच्या आदल्या दिवशी ती सातपर्यंत थांबेल, हेही अर्जात असावं. मार्च-एप्रिल टाळावेत.

मोजायच्या गोष्टी तीनच: बिल हाती आल्यापासून दोन दिवसांत नोंद झालेली बिलं किती, चुकीमुळे परत आलेल्या नोंदी किती, आणि साडेचारनंतर तिच्यावाचून अडलेली कामं किती. पहिल्या दोन गोष्टींचे मागच्या दोन महिन्यांचे आकडे तिने अर्जाआधीच काढून ठेवावेत. ते नसतील तर चाचणीनंतर तुलना कशाशी करणार?

यात फसगत होते ती शेजारच्या टेबलावर. हिचे आकडे उत्तम दिसतात, कारण संध्याकाळचे फोन सहकारी निमूटपणे घेत असते. ती कुरकुरायला लागली की साहेब चाचणी गुंडाळतात. तेव्हा आधी तिच्याशी बोलून घ्यावं: सकाळी दहाच्या आत येणारं काम ही उरकेल, संध्याकाळचं ती बघेल. ही वाटणी नावानिशी अर्जात यावी.

अर्ज एका पानाचा पुरे. आधी समोर बसून बोलावं, मग त्याच दिवशी मेल करावा आणि आढाव्याची तारीख तिथेच ठरवून घ्यावी. साहेब साडेसातला नाहीच म्हणाले, तर नऊ ते सहा मागावं. तेही नाही जमलं, तर नोकरी सोडायची की नाही, हे तिला ठरवू द्या.