तुमचा आवाज त्या खोलीत कागदावरूनच पोचणार आहे

*मॅडम, माझं लग्न गेल्या वर्षी मे महिन्यात ठाण्यात झालं. नवरा ब्रिटिश नागरिक आहे, लेस्टरला असतो. माझा स्पाउस व्हिसा नाकारला. कारणं अशी दिली आहेत: पहिल्या भेटीची तारीख माझ्या फॉर्ममध्ये एक आणि नवऱ्याच्या पत्रात दुसरी आहे, फोटो फक्त लग्नाच्या दिवसाचे आहेत, आणि लग्नानंतर आमच्यात संपर्क असल्याचा पुरावा नाही. अपील केलं आहे. सुनावणी सात आठवड्यांवर आहे आणि तिथल्या सॉलिसिटरना तीन आठवड्यांत सगळे कागद हवे आहेत. सासूबाई म्हणतात, दोघांचे सगळे चॅट छापून पाठव. बाबांनी कोर्टासमोरच्या नोटरीकडून सहा नातेवाइकांची ॲफिडेव्हिट पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करून आणली आहेत. एवढं पुरेल का? मी इथून व्हिडिओवर साक्ष देऊ शकते का?*
*– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे*

आधी व्हिडिओचं सांगते, कारण बाकीची तयारी त्यावर ठरेल. परदेशात बसून ब्रिटनच्या ट्रायब्युनलपुढे, म्हणजे तुमचं अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, तोंडी साक्ष द्यायची तर त्या देशाची हरकत नाही हे आधी कळावं लागतं. त्याच्या वरच्या अप्पर ट्रायब्युनलने 2021 मध्ये अग्बाबियाका प्रकरणात हे स्पष्ट केलं. ही विचारणा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या एका विभागामार्फत होते आणि तिला वेळ लागतो. सॉलिसिटरना आजच विचारा, पण त्या भरवशावर राहू नका. लेखी निवेदनाला मात्र अशी परवानगी लागत नाही. म्हणजे त्या दिवशी न्यायाधीशांपुढे तुमचे यजमान प्रत्यक्ष असतील आणि तुमच्या बाजूने तुमचा कागद असेल. यजमानांनी हजर राहायलाच हवं. सरकारी बाजूचा अधिकारी ज्याला प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्या निवेदनाला वजन कमी मिळतं. म्हणूनच इथून जाणारं प्रत्येक निवेदन नेमकं हवं आणि त्याला कागदाचा आधार हवा.

आता ती सहा ॲफिडेव्हिट. तुम्ही मला मजकूर पाठवला नाहीत, पण अशी ॲफिडेव्हिट मी खूप पाहिली आहेत: "सदर विवाह उभयतांच्या संमतीने झाला असून ते सुखाने संसार करीत आहेत, हे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो." सहाही जणांचं हेच वाक्य, फक्त नाव वेगळं. तुमचीही तशीच असतील तर पाठवू नका. एकाच साच्यातून निघालेली सहा निवेदनं वाचली की कुणीतरी सांगितलं तिथे सगळ्यांनी सही केली, असंच वाटतं. त्या ट्रायब्युनलला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरीचा शिक्काही लागत नाही. लागतं ते साक्षीदाराचं नाव, पत्ता, व्यवसाय, तुमच्याशी नातं, क्रमांक घातलेले परिच्छेद, शेवटी मजकूर खरा असल्याचं विधान, सही आणि तारीख.

सहाऐवजी दोन साक्षीदार घ्या, पण ज्यांनी स्वतः काही पाहिलं आहे असे. समजा तुमच्या आई. त्यांच्यासमोर वही घेऊन बसा आणि त्यांना मराठीतच बोलू द्या. "जावई फार चांगले आहेत" हे वाक्य लिहून घेऊ नका, पुढे विचारा: कशावरून? मग त्या सांगतील की माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी जावयांनी रोज रात्री फोन केला, मुलगी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर जाऊन बोलायची, आणि बिलासाठी त्यांनी पैसे पाठवले. हे निवेदन आहे. त्याला हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी आणि तुमच्या खात्यात पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद जोडा. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा, त्यांचे शब्द बदलू नका, प्रत्येक पानावर सही घ्या. आईंना इंग्रजी नीट येत नसेल तर निवेदन मराठीतच करून त्याचा इंग्रजी अनुवाद जोडायचा. आईंच्या नावावर सफाईदार इंग्रजी निवेदन गेलं तर ते त्यांचं नाही हे लगेच दिसतं. अनुवाद अचूक असल्याचं अनुवादकाने सहीनिशी लिहून द्यावं लागतं, आणि तो अनुवादक तुम्ही किंवा घरचं कुणी नसलेलं बरं.

तुमच्या प्रकरणातला खरा काटा तारखेचा आहे. हा बहुतेक कांदेपोह्यांचा घोळ असावा. फॉर्ममध्ये तुम्ही दोन्ही घरची माणसं भेटली ती तारीख दिली असेल, आणि यजमानांनी तुम्ही दोघंच बाहेर भेटलात तो दिवस पहिली भेट धरला असेल. तसंच असेल तर दोघांनीही आपापल्या निवेदनात ते सरळ लिहा: नाकारणाऱ्या पत्रातल्या अमुक परिच्छेदात फरक दाखवला आहे, तो खरा आहे, आणि तो असा पडला. तिथल्या न्यायाधीशांना कांदेपोहे माहीत असतीलच असं नाही, म्हणून त्या दिवशी कोण कोण होतं, तुम्ही दोघं वेगळं किती वेळ बोललात, हे चार ओळींत लिहा. सोबत यजमानांच्या पासपोर्टवरचा मुंबईचा शिक्का आणि त्या आठवड्यातले मेसेज जोडा. एजंटने चुकीची तारीख भरली असेल तर तेही लिहा, पण सही करताना तुम्ही का वाचलं नाही हा प्रश्न येणार, त्याचं उत्तर तिथेच द्या. मात्र दोघांनी एकमेकांचं निवेदन समोर ठेवून आपलं लिहू नका. तारखा कागदावरून तपासा, जोडीदाराच्या मजकुरावरून नव्हे. उलटतपासणीत यजमानांना तुमच्या निवेदनातलं वाक्य विचारलं जाईल, तेव्हा पाठ केलेलं उत्तर आणि आठवणारं उत्तर यातला फरक लपत नाही.

चॅटच्या बाबतीत सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण दोन हजार पानं कुणी वाचत नाही. लग्नाआधीपासून आजपर्यंत प्रत्येक महिन्यातले दोन-तीन दिवस निवडा आणि त्या दिवसाचं संभाषण पूर्ण द्या, मधलं काही गाळू नका. गोड दिवसच निवडू नका. "जेवलीस का", "गॅसचा नंबर लावला का", एखादं भांडण, हे असू द्या, संसार असाच दिसतो. स्क्रीनवर "अहो" म्हणून सेव्ह केलेलं नाव दिसत असेल तर त्यामागचा फोन नंबर दिसणारं एक पान आधी लावा. कॉलची यादी वेगळी जोडा. आणि एक गोष्ट हमखास राहते: इंग्रजी अक्षरांत टाईप केलेलं मराठीसुद्धा मराठीच आहे, त्याचाही अनुवाद लागतो. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून सॉलिसिटरकडे ठेवा, म्हणजे निवडीवर शंका आली तर ते दाखवू शकतील. सुनावणी होईपर्यंत फोन बदलू नका, मेसेज पुसू नका. मेसेज कमी आणि फोनच जास्त असतील तर घाबरू नका. फोनवर बोलणारं जोडपं लिहितही असलंच पाहिजे अशी अट नाही, हे अप्पर ट्रायब्युनलने 2012 मध्येच म्हटलं आहे.

फोटोंसाठी नकारानंतरचा काळही चालतो. ब्रिटनच्या 2002 च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 85 प्रमाणे, निर्णयानंतर घडलेली पण त्या मुद्द्याशी संबंधित गोष्टही ट्रायब्युनल पाहू शकतं. यजमान मधे दिवाळीला येऊन गेले असतील तर बोर्डिंग पास, घरचे फोटो, तलावपाळीवरचा साधा सेल्फी, सगळं द्या, मागे तारीख आणि कोण कोण आहे ते लिहून. पुराव्यासाठी म्हणून आता नवे कपडे घालून फोटो काढू नका.

कामाला बसताना नाकारणारं पत्र मधे ठेवा. त्यातल्या प्रत्येक कारणाला क्रमांक द्या आणि समोर लिहा: कुणाचं निवेदन, कितवा परिच्छेद, कोणता कागद. ज्या कारणासमोर जागा रिकामी राहील, तिथे पुढचे आठ दिवस घाला. ज्या कागदासमोर एकही कारण नाही, तो काढून टाका. पंधराव्या दिवशी संच सॉलिसिटरकडे गेला पाहिजे, कारण अनुवादात चूक सापडली तर ती दुरुस्त करायला उरलेला आठवडा लागेल. मुदतीनंतर दिलेला पुरावा घ्यायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात आणि उशीर का झाला ते सांगावं लागतं.

तिथे बाजू मांडण्याचा अधिकार मला नाही, तो तिथल्या अधिकृत सल्लागारांचा आहे. त्यामुळे वरचं काहीही त्यांच्या लेखी सूचनेच्या विरुद्ध जात असेल तर त्यांचं ऐका. आईंचं निवेदन मराठीत लिहून झालं की मला दाखवायला हरकत नाही.