स्पीड टेस्ट १०० दाखवते, तरी सकाळी कॉल तुटतो

प्रश्न: मुंबईत घरून काम करतो. स्पीड टेस्टला १०० एमबीपीएस येतात, पण सकाळी १० ते १ मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. दुपारनंतर सगळं ठीक. केबलवाला म्हणतो लाइन ओके आहे. नक्की काय बघू?

उत्तर: केबलवाला बहुधा खरं बोलतोय. ते १०० खाली येणाऱ्या डेटाचे आहेत. त्याच स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा. केबलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये तो १०-२० असतो आणि तुमचा आवाज जातो तो त्याच चिंचोळ्या वाटेने. फोटो बॅकअप आणि फाइल सिंक करणारी ॲप्सही तीच वाट वापरतात, तीही न विचारता.

मुलुंडला माझ्या मावसबहिणीकडे हेच झालं होतं. घरातले सगळे गणपतीला गावी गेले होते. तिथे वाय-फाय नाही आणि बॅकअप फक्त वाय-फायवर चालू, त्यामुळे आरत्या, विसर्जन असे साधारण १२ जीबी व्हिडिओ भाच्याच्या फोनमध्ये साचून राहिले. परत आल्यावर सकाळी साडेनऊला फोनने घरचं वाय-फाय पकडलं आणि बॅकअप सुरू झाला. लाइनचा अपलोड १० एमबीपीएस. १२ जीबी म्हणजे ९६,००० मेगाबिट, भागिले १०, म्हणजे ९,६०० सेकंद. दोन तास चाळीस मिनिटं! बारा वाजून दहा मिनिटांच्या आत ती वाट मोकळी होणारच नव्हती. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला पडलेला, त्याच्याकडे कोण बघतंय.

आता नुसती वाट भरली तर कॉल थोडा मंद व्हावा, तुटतो कशाला? कारण मोडेम किंवा राउटर जास्तीचा डेटा टाकून न देता रांगेत ठेवतो. १ एमबीची रांग १० एमबीपीएसवर रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतात. तुमच्या आवाजाचं प्रत्येक पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला उभं राहतं. डाउनलोडही मंदावतो, कारण ‘मिळालं, पुढचं पाठवा’ अशी पोच तिकडे जाते तीसुद्धा याच रांगेतून.

तपासायला सोपं आहे. सकाळी त्रास होत असताना विंडोजवर Command Prompt उघडून हे चालू ठेवा:

```
ping -t 8.8.8.8
```

मोकळ्या लाइनवर time पुढचा आकडा साधारण १०-३० मिलिसेकंद राहतो. तो कित्येक शेकड्यांत गेला, तर घरातल्या एकेका फोनचं वाय-फाय बंद करत जा. ज्या फोननंतर आकडा काही सेकंदांत खाली येईल, तो आरोपी. लॅपटॉपवर संशय असेल तर Resource Monitor मध्ये Network टॅब उघडून Send (B/sec) च्या स्तंभावर क्लिक करा, जास्त पाठवणारं ॲप वर येतं. कुणीच अपलोड करत नसताना आकडा चढत असेल तर आधी राउटरला पिंग करा (पत्ता बहुधा 192.168.1.1). तिथेच शेकडे दिसले तर दोष वाय-फायचा. आपल्याकडच्या इमारतींत शेजाऱ्यांची इतकी वाय-फाय असतात की तेही नवल नाही. राउटरपर्यंत ठीक आणि पुढे खराब असेल, तर मात्र केबलवाल्याला पुन्हा फोन करा.

लॅपटॉपवरच्या ॲपला मर्यादा घालता येते. OneDrive, Google Drive आणि Dropbox या तिन्हींच्या सेटिंगमध्ये अपलोडचा वेग बांधून देता येतो. इथे एक गोची आहे: आकडा KB/s मध्ये, म्हणजे सेकंदाला किलोबाइटमध्ये, मागतात, आणि एमबीपीएस मोजतं मेगाबिट. १० एमबीपीएस म्हणजे १,२५० केबी. ३०० टाकलं की सिंकला सुमारे २.४ एमबीपीएस मिळतात आणि बाकीचे कॉलला उरतात. एमबीपीएस समजून ३ टाकलंत तर सिंक जवळपास थांबेलच.

फोनचं तसं नाही, तिथे वेगाची खिट्टी सहसा नसते. आयफोनवर वाय-फायच्या नावापुढच्या i वर जाऊन Low Data Mode चालू केलं की आयक्लाउड फोटो थांबतात. अँड्रॉइडवर Google Photos मधला Backup कामाच्या वेळात बंद ठेवायचा आणि रात्री चालू करायचा. भाच्याला रोज कोण आठवण करणार हा प्रश्न उरतोच, म्हणून मला राउटरमधला उपाय जास्त आवडतो. राउटरमध्ये SQM नावाची रांग आवरणारी सोय असेल तर अपलोड मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे १० च्या लाइनवर ८.५ ते ९. मग रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि तो आवाजाच्या छोट्या पॅकेटांना लगेच वाट देतो. कंपनीने फुकट दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुतेकदा नसते.

आणि प्लॅन बदलायचाच असेल तर अपलोड किती ते आधी विचारा. फायबरवर दोन्हीकडे १०० मिळाले तर तेच १२ जीबी साधारण १६ मिनिटांत जातात.