करंटसारखी कळ आली म्हणून दात काढायचा का?

प्रश्न: «घास चावताना किंवा गाडीवर वारा लागला की उजव्या गालात करंट बसल्यासारखी कळ येते. डेंटिस्ट म्हणतात दाढ काढून टाका. काढू का?»

आत्ता काढू नका. त्या दाढेचा गुन्हा सिद्ध झालेला नाही.

मी नागपुरात दातांचं काम करतो, आणि दर हिवाळ्यात माझ्या खुर्चीत असं एखादं तोंड येतं की ज्यात दाढांच्या जागी रिकाम्या हिरड्या आहेत आणि कळ मात्र जिथल्या तिथे आहे. मागच्या वेळी महाल भागातल्या एक काकू आल्या, वय छप्पन्न. उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ रूट कॅनाल करूनही थांबेना म्हणून काढलेली, तिच्या मागची नंतर काढलेली. आता पुढच्या छोट्या दाढेवर बोट दाखवत होत्या. "करंट लागल्यावानी होते जी, मंग एकदम साफ," असं त्यांचं वर्णन. बोट दाखवत होत्या म्हटलं, पण ते बोट गालापासून दोन इंच लांबच थांबत होतं. गालाला लागू देत नव्हत्या. ही खूण मी आधी बघतो. दात दुखणारा माणूस गाल तळहातानं दाबून धरतो, त्यानं त्याला बरं वाटतं. नसेची कळ असलेला माणूस स्वतःचा हातसुद्धा जवळ येऊ देत नाही.

काकूंची तपासणी साधीच होती. आरशाच्या दांडीनं छोट्या दाढेवर टकटक केली, काही नाही. बर्फाचा खडा लावला, दोन-तीन सेकंद झिणझिणलं आणि थांबलं. निरोगी दात असाच वागतो. दाताची नस सुजली असेल तर बर्फ काढल्यावरही ठणका अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त रेंगाळतो. एक्स-रेमध्ये मुळाशी काही नव्हतं. मग कापसाचं टोक ओठाच्या उजव्या कोपऱ्याखाली फिरवलं, नुसतं टेकवलं. काकूंचा चेहरा आक्रसला, डोळा मिटला, आणि चार-पाच सेकंदांत सगळं शांत. लगेच पुन्हा तिथेच कापूस फिरवला तर काहीच झालं नाही. एका झटक्यानंतर नस थोडा वेळ गप्प बसते. किडका दात अशी सुट्टी घेत नाही.

याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याची संवेदना वाहणारी मोठी नस मेंदूतून जिथे बाहेर पडते, तिथे बहुतेकांच्या बाबतीत एक धमनी तिला चिकटून ठोके देत असते. वायरचं प्लास्टिक घासावं तसं नसेचं आवरण झिजतं, आणि स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तारेत उडी मारतो. म्हणून वारा, ब्रश, दाढी करणं, पोह्याचा मऊ घाससुद्धा पुरतो. बिघाड कवटीच्या आत असतो, कळ मात्र दाताच्या पत्त्यावर येते.

आता चांगले शिकलेले डेंटिस्टसुद्धा कुठे फसतात ते सांगतो, कारण यावर माझं आमच्याच लोकांशी वर्षानुवर्षं भांडण आहे. ते म्हणतात, "सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि कळ थांबली, म्हणजे दातच." अजिबात नाही. खालच्या जबड्यात इंजेक्शन दिलं की नसेच्या तिथल्या फांदीचा ओठ, हनुवटी, हिरडी, सगळंच बधिर होतं. झटका सुरू करणारा स्पर्श वरपर्यंत पोचतच नाही, म्हणून न्यूराल्जियाही दोन-तीन तास थांबतो. या तपासणीतून नसेची कोणती फांदी आहे एवढंच कळतं. कोणता दात, किंवा दात आहे की नाही, ते कळत नाही.

दुसरी फसगत काळाची. काकूंना दुसरी दाढ काढल्यावर पाच महिने आराम होता, म्हणून घरात सगळ्यांना उपाय बरोबर वाटला. पण हा आजार आपणहून आठवडे, महिने, कधी वर्षभरही दडी मारतो. माणूस दात काढायला जातो ते कळ शिगेला पोचली असताना. त्यानंतर ती उतरणारच असते, श्रेय पक्कडीला मिळतं. परत येते तेव्हा शेजारचा दात संशयित. असे एकेक करत चार-चार दात गेलेले लोक मी पाहिले आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो.

काकूंना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात दंत महाविद्यालयही आहे, त्यामुळे दाताची आणि नसेची तपासणी एकाच फेरीत होते. एमआरआयमध्ये नसेला टेकलेली धमनी दिसली. हा एमआरआय नसेसाठी म्हणून, बारीक कापांचा करायला सांगावा लागतो. साध्या एमआरआयमध्ये ती निसटू शकते. कार्बामॅझेपिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं, दर काही दिवसांनी थोडं वाढवत २०० मिलिग्रॅम तीनदा यावर झटके थांबले. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी आधी काहीच झालं नव्हतं, तीही एक खूणच. मात्र हे औषध मेडिकल स्टोअरमधून स्वतः आणू नका. सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत आणि सोडियम तपासतात. सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो; बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम जास्त सहज घसरतं. अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना. गोळ्यांनी भागलं नाही तर ती धमनी नसेपासून अलग करण्याचं ऑपरेशनही असतं.

इतकं बोललो तरी दात कधीच दोषी नसतो असं नाही. तडा गेलेली दाढ हुबेहूब अशीच वीज मारते. फरक असा की ती ठरावीक टोकावर दाब आला तरच दुखते, आणि बहुधा चावून सोडताना. कापसाचा रोल एकेका टोकावर चावायला लावला की सापडते. ती वाऱ्यानं किंवा गालाला हात लागल्यानं दुखत नाही. झोपेतून उठवणारा, आडवं झाल्यावर वाढणारा ठणकाही बहुतेक वेळा दाताचाच.

तुम्ही आठवडाभर एवढं लिहून ठेवा: कळ किती सेकंद टिकली, कशानं सुरू झाली, रात्री झोप मोडली का. न्यूराल्जियाचा झटका फार तर दोन मिनिटं. तुमचं वय चाळिशीच्या आत असेल, गाल बधिर वाटत असेल, त्या बाजूनं कमी ऐकू येत असेल किंवा दोन्ही बाजूंना कळ असेल, तर लिहीत बसू नका. एमआरआय लवकर करून घ्या; गाठ किंवा नसांचा दुसरा आजार नाही ना, हे आधी बघावं लागतं.

वाऱ्याचं म्हणाल तर दुपट्टा गालावर घट्ट आवळू नका, कापडाच्या घासण्यानंच झटका येतो. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, गालाकडची गादी सैल आणि काच खाली. घालता-काढताना दुखरी बाजू घासू देऊ नका. उन्हाळ्यात कूलरचा झोत पायाकडून घ्या.